रांगेतला एक जण काढून बाकीचे जवळ घेतले, पण सांधा दिसतोच: कारणं आणि दुरुस्ती

ग्रुप फोटोतल्या रांगेतून एक माणूस काढायचा आणि मधली जागा बुजवायला बाकीच्यांना एकमेकांजवळ सरकवायचं, हे काम वरवर सोपं दिसतं. तरीही ठरावीक तक्रारी पुन्हापुन्हा येतात: मागच्या पडद्याच्या चुण्या मध्येच तुटतात, कोणाचा तरी हात कोपरापासून गायब होतो, खांद्यावर बिनमालकाची चार बोटं उरतात, आणि सगळं जमलं तरी सरकवलेली माणसं कापून चिकटवल्यासारखी वाटतात. बहुतेक वेळा चूक एकच असते. माणसं कापून वेगळी काढली जातात, किती सरकवायचं ते डोळ्यांनी ठरवलं जातं आणि मग प्रत्येकाच्या केसांभोवती ब्रश फिरवत बसावं लागतं.

माणसं कापू नका. फोटोचा अख्खा पट्टा पार्श्वभूमीसकट सरकवा. असं केलं की सांधा एकच उरतो, तो कुठून न्यायचा हे आपल्या हातात राहतं, आणि एकाही माणसाचे केस कापावे लागत नाहीत. खाली सगळं फोटोशॉपमधल्या नावांनी दिलं आहे. जिंपमध्येही लेयर आणि मास्कचं तत्त्व हेच आहे.

नमुन्याचा फोटो

लग्नाचं स्टेज, मागे मरून रंगाचा चुण्यांचा पडदा, खाली साधा लाल गालिचा. फाइल 6000 × 4000 पिक्सेल. सात जण रांगेत उभे आहेत, आपल्या डावीकडून क्रमांक 1 ते 7. (या लेखात डावं-उजवं म्हणजे फोटो बघणाऱ्याचं.) क्रमांक 3 काढायचा आहे. त्याच्या डावीकडे दोघं, उजवीकडे चौघं. कमी माणसं असलेली बाजू सरकवायची, म्हणजे इथे 1 आणि 2 उजवीकडे येतील.

सरकवण्याआधी एक गोष्ट नीट बघायची: काढायचा माणूस शेजाऱ्यांच्या पुढे आहे की मागे? इथे क्रमांक 3 हा 2 च्या किंचित पुढे आहे, त्यामुळे 2 चं उजवं कोपर त्याच्यामागे दडलं आहे. क्रमांक 4 मात्र 3 च्या पुढे आहे, म्हणजे 4 पूर्ण दिसतो. यावरून क्रम ठरतो. ज्याचा भाग फोटोत मुळात नाहीच तो खाली जाणार आणि जो पूर्ण आहे तो वर राहणार. 2 चं अर्धवट कोपर 4 च्या मागे गेलं पाहिजे. हा क्रम उलटा केला की हात गायब झाल्याची तक्रार येते, आणि मग लोक कोपर रंगवायच्या मागे लागतात.

किती सरकवायचं

इथे अंदाज चालत नाही, दोन मोजमापं लागतात.

पहिलं, कमीत कमी किती. 2 चं शरीर जिथपर्यंत खरोखर दिसतं ती कड कोपराच्या उंचीवर x = 1790 वर संपते, त्यापुढे 3 सुरू होतो. 4 ची डावी कड त्याच उंचीवर x = 2330 पर्यंत आत आली आहे. 2 ची कापलेली कड 4 च्या मागे जायची तर 2330 − 1790 = 540 पिक्सेल तरी सरकवावं लागेल. त्यात पंधरा-वीस पिक्सेल जास्तीचे धरा, नाहीतर कडेशी बारीक फट दिसते. ही मोजणी खांदा, कोपर, मनगट आणि पाय अशी तीन-चार उंचींवर करा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या.

दुसरं, पडद्याची चुण. चुण्या सारख्या अंतरावर असतील तर सरकवण्याचं अंतर त्या अंतराच्या पटीत ठेवायचं, म्हणजे सरकवलेल्या पडद्याच्या चुण्या मूळ पडद्याच्या चुण्यांवर बरोबर बसतात. एकच चूण मोजू नका, कारण कापड हातानं लावलेलं असतं आणि प्रत्येक चूण थोडी कमी-जास्त असते. `Ruler Tool` ने दहा चुण्या मोजून दहाने भागा. इथे दहा चुण्या 1400 पिक्सेलमध्ये बसल्या, म्हणजे एक चूण 140 ची. 540 च्या पुढची पहिली पट 560. चार चुण्या, आणि जास्तीचे वीस पिक्सेलही त्यातच मिळाले.

प्रत्येक वेळी आकडे इतके जुळत नाहीत. समजा कमीत कमी 580 लागत असतं, तर पुढची पट 700 ची, आणि तेवढं सरकवलं तर 2 आणि 4 एकमेकांत घुसल्यासारखे दिसतील. अशा वेळी 580 च ठेवा आणि डोक्यांच्या मधल्या पडद्याचा तुकडा नंतर क्लोन करून जुळवा. माणसांमधलं अंतर चुकलं तर लगेच खटकतं, चुणीतला फरक बऱ्याचदा नजरेतून सुटतो.

सरकवणं आणि मास्क

मूळ लेयरची `Ctrl+J` ने प्रत काढा आणि तिला "पट्टा" असं नाव द्या. प्रत पूर्ण फोटोची घ्या, अर्धी नको, म्हणजे सांधा पुढे कुठेही हलवता येतो. मग `Ctrl+T` दाबा, वरच्या पट्टीत X च्या शेजारचा छोटा त्रिकोण दाबून सापेक्ष मोजमाप चालू करा, X मध्ये `560 px` लिहा आणि एंटर करा. माऊसने ओढू नका, तसं केलं की उंचीत दोन-तीन पिक्सेलचा फरक हमखास पडतो. आकडाही पूर्णांकच ठेवा. 560.4 सारखं अपूर्णांक अंतर दिलं तर सगळे पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि सरकवलेली माणसं बाकीच्यांपेक्षा किंचित मऊ दिसतात. "काय खटकतंय ते कळत नाही" अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. जिंपमध्ये `Layer > Transform > Offset` मध्ये आकडा देता येतो, फक्त कडेचा भाग दुसऱ्या बाजूने आत येण्याचा पर्याय बंद ठेवा.

आता पट्ट्याचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे वरचं आणि खालचं चित्र सारखं असतं तिथे काळं दिसतं. 2 आणि 4 च्या डोक्यांच्या मधल्या जागेत वरचा पडदा बराचसा काळा झाला तर चुणी जुळली. तिथे उजळ उभे पट्टे दिसले तर बाणाच्या बटणाने एकेक पिक्सेल इकडेतिकडे करून बघा आणि मग मोड परत `Normal` करा. दोन-चार पिक्सेलने आकडा बदलला तरी हरकत नाही.

पट्ट्याला मास्क लावा आणि सांध्याच्या उजवीकडचं सगळं काळ्या रंगाने झाका. सांध्याची वाट अशी न्यायची: वरून खाली येताना डोक्यांच्या मधल्या मोकळ्या पडद्यातून, मग 4 च्या खांद्यापाशी आल्यावर 4 च्या बाह्यरेषेवरून थेट पायापर्यंत, आणि पायाखाली पुन्हा मोकळ्या गालिच्यातून. या फोटोत 2 चं डोकं 1340 ते 1620 मध्ये होतं, ते सरकून 1900 ते 2180 वर आलं. 3 चं डोकं मुळात नेमकं याच जागेत होतं, म्हणून ते पूर्ण झाकलं गेलं. 4 चे केस 2450 पासून सुरू होतात. म्हणजे सांधा 2200 ते 2430 मध्ये कुठूनही नेता येतो आणि दोघांच्या केसांना हातही लागत नाही.

ब्रशचा मऊपणा वाटेप्रमाणे बदलायचा. पडद्यात आणि गालिच्यात 30-40 पिक्सेलचा मऊ ब्रश चालतो. 4 च्या बाहीवर मात्र कड एक-दोन पिक्सेलचीच हवी. तिथे `Pen Tool` ने बाहीची रेषा आखून निवड करा, तिला अर्ध्या पिक्सेलचा फेदर द्या आणि ती निवड मास्कवर काळ्याने भरा. ही रेषा बाहीच्या कडेवर न आखता एक-दोन पिक्सेल आत घ्या. कडेवरच्या पिक्सेलमध्ये मागच्या माणसाच्या कपड्याचा रंग मिसळलेला असतो. 3 ने मोरपंखी कुर्ता घातला असेल आणि 4 ची शेरवानी क्रीम रंगाची असेल, तर रेषा बरोबर कडेवर आखल्यावर शेरवानीला मोरपंखी किनार लागलेली दिसते. पांढरी किंवा रंगीत कड राहिल्याची तक्रार जवळजवळ नेहमी इथलीच असते.

सांधा जुळला, पण पडद्यावर उजेडाची पायरी दिसते

फोटोचे कोपरे मध्यापेक्षा गडद असतात, शिवाय कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड कडेला कमी पोचतो. पट्ट्यातला पडदा मुळात 560 पिक्सेल जास्त डावीकडचा, म्हणून तो शेजारच्या मूळ पडद्यापेक्षा काळपट असतो. लोक यावर सांधा आणखी मऊ करतात. त्याने पायरीचा नुसता धूसर डाग होतो, दोष तसाच राहतो.

आयड्रॉपरचा `Sample Size` 31 by 31 Average करा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना चुणीच्या उजळ भागावर वाचन घ्या. समजा डावीकडे 104 आणि उजवीकडे 112 आलं. पट्ट्यावर `Curves` चा लेयर ठेवा, तो पट्ट्यालाच `Alt+Ctrl+G` ने अडकवा, आणि 104 वर बिंदू घेऊन 112 पर्यंत उचला. मग त्या Curves च्या मास्कवर सांध्यापासून डावीकडे साधारण 600 पिक्सेलचा ग्रेडियंट ओढा, म्हणजे बदल सांध्यापाशी पूर्ण आणि पुढे हळूहळू शून्य होईल. 2 चा चेहराही थोडा उजळेल, आणि ते योग्यच आहे. तो आता मध्याच्या जवळ आला आहे.

पायरी खरंच गेली का हे बघायला सर्वांत वर एक तात्पुरता `Curves` लेयर ठेवून त्याची रेषा खूप उभी करा. स्क्रीनवर न दिसणारा फरक त्यात ठळक दिसतो. तपासून झालं की तो लेयर बंद करा. हा लेयर चालू ठेवूनच फाइल प्रिंटला गेल्याचे प्रकार होतात, तेव्हा त्याला लाल रंगाची खूण लावून ठेवा.

उरलेली बोटं, सावली आणि चप्पल

3 चा हात 4 च्या पाठीमागून जाऊन त्याच्या पलीकडच्या दंडावर आला असेल, तर 3 गेला तरी बोटं तिथेच राहतात. 4 च्या वर नवा रिकामा लेयर घ्या, `Clone Stamp` चं `Sample` हे `Current & Below` वर ठेवा आणि बोटांच्या लगेच खालच्या बाहीतून कापड उचला. कापडाची वीण किंवा सुरकुती ज्या दिशेने जाते त्याच दिशेने ब्रश न्या. `Healing Brush` मधल्या भागात चांगला चालतो, पण बाहीच्या कडेपासून पंधरा-वीस पिक्सेलच्या आत तो वापरला की शेजारच्या पडद्याचा मरून रंग बाहीत उतरतो. तिथे क्लोन स्टँपच हवा. पैठणीचा पदर किंवा बुट्ट्यांची साडी असेल तर आधी एक पूर्ण बुट्टी उचलून जागेवर नेमकी बसवा, मग भोवतीचं कापड भरा. अर्धी बुट्टी फार लवकर ओळखू येते.

सावलीचं थोडं उलटं आहे. 3 ची सावली 2 च्या बाहीवर पडलेली असते आणि सरकवल्यावर ती 4 च्या कडेशी येते. ती पुसायची घाई करू नका, आता ती 4 ची सावली म्हणून शोभते. ती 4 च्या मागे पूर्ण दडली असेल तर मात्र 4 चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी पट्ट्याला अडकवलेल्या `Multiply` लेयरवर 70 पिक्सेलच्या मऊ ब्रशने 10-12 टक्के अपारदर्शकतेचा काळा रंग 4 च्या कडेला लागून एकदाच फिरवा. रांगेतल्या इतर जोड्यांमध्ये सावली ज्या बाजूला पडली आहे त्याच बाजूला.

पायाकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं, म्हणून तिथे चुका राहतात. 3 च्या मोजडीचं टोक 4 च्या पायासमोर डोकावत असेल तर ते मूळ लेयरमध्ये तसंच असतं. फोटो पूर्ण झाल्यावर रांगेतले हात आणि पाय मोजा. सहा जणांचे बारा पाय, त्यातले साडीखाली झाकलेले वजा.

गालिच्याऐवजी फरशी असेल तर

समोरच्या भिंतीवरच्या आडव्या रेषा सरकवल्यावरही जुळतात, कॅमेरा भिंतीला सरळ असला की झालं. फरशीवरच्या, आत जाणाऱ्या तिरप्या रेषा मात्र जुळत नाहीत. त्या सगळ्या एका बिंदूकडे जातात, आणि पट्टा सरकवला की पट्ट्याचा तो बिंदूही 560 पिक्सेलने सरकतो. पायाशी रेषा जुळवली तर फोटोच्या खालच्या कडेला ती तुटलेली दिसते.

उपाय म्हणजे पायाखालचा फरशीचा तुकडा तिरका करणं. जमीन क्षितिजापासून जितकी खाली, तितकं तिचं सरकणं जास्त असलं पाहिजे. क्षितिज म्हणजे फोटोतली कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी रेषा. फरशीच्या दोन तिरप्या रेषा वर वाढवून जिथे मिळतात ती उंची घ्या.

```
खालच्या कडेचं सरकणं = पायाशी सरकणं × (खालची कड − क्षितिज) ÷ (पाय − क्षितिज)
560 × (4000 − 1500) ÷ (3300 − 1500) = 778
```

म्हणजे पायाशी 560 आणि खालच्या कडेला 778, फरक 218 पिक्सेल. बुटांच्या लगेच खालपासून फोटोच्या तळापर्यंतचा पट्ट्याचा भाग वेगळ्या लेयरवर घ्या, `Edit > Transform > Skew` करा आणि खालच्या मधल्या हँडलला त्याच दिशेने 218 पिक्सेल न्या. त्यात फरशीचे सांधे बरोबर बसायचे तर 560 हे अंतर पायाच्या रेषेवरच्या फरशीच्या रुंदीच्या पटीत लागतं. भिंतीची चुण आणि फरशी दोन्ही एकाच आकड्यात बसणं दुर्मीळ. तेव्हा आकडा भिंतीप्रमाणे ठेवा, कारण ती चेहऱ्यांच्या मागे आहे. फरशीचा तुकडा मग वेगळा हलवून जुळवता येतो.

जिथे पट्टा सरकवणं चालत नाही

पडद्यावर नवरा-नवरीची नावं असतील, मागे दार किंवा खिडकी असेल, तर पट्ट्याबरोबर अर्धी अक्षरं सरकतात. तिथे पार्श्वभूमी जागेवर ठेवून माणसंच कापावी लागतात, आणि त्यांच्यामागे जे दिसायला हवं ते आधी भरावं लागतं. त्याच कार्यक्रमात त्याच जागेवरून काढलेला रिकाम्या स्टेजचा किंवा कमी माणसांचा एखादा फोटो मिळाला तर तो पार्श्वभूमीला वापरा. फोटोग्राफर एका रांगेचे सहसा तीन-चार फोटो घेतो, ते सगळे मागून घ्या. क्रमांक 3 दोन्ही शेजाऱ्यांच्या पुढे असेल, म्हणजे दोघांचेही हात अर्धे दडलेले असतील, तर याच फोटोंपैकी एखाद्यात कोपर दिसतं. तसं नसेल तर क्लोन करून हात बनवण्यापेक्षा नकार दिलेला बरा.

`Content-Aware Scale` ने एका झटक्यात रांग आकसते का, हेही बरेचदा विचारलं जातं. ते तपशील कमी असलेल्या उभ्या वाटा काढून टाकतं. पडदा आकसतो ते ठीक, पण साधा काळा सूटही त्याला पडद्यासारखाच मोकळा वाटतो आणि सूटवाला बारीक होतो. `Protect Skin Tones` ने चेहरे वाचतात, खांदे वाचत नाहीत.

मोबाइलच्या किंवा 24 मिमीसारख्या रुंद लेन्सच्या फोटोत कडेचा माणूस आडवा ताणलेला असतो. 24 मिमीला पूर्ण फ्रेमच्या अगदी कडेला डोकं उंचीच्या मानाने सव्वापट रुंद येतं, 50 मिमीला सहा टक्क्यांच्या आसपास. अशा फोटोत क्रमांक 1 मध्याकडे आल्यावर जाड वाटतो. पट्टा सरकवल्यावर फक्त त्याच्या भागाला `Ctrl+T` मध्ये W ला 96-97 टक्के द्या, उंची तशीच ठेवा. 94 च्या खाली गेलात तर चेहरा लांबट दिसतो.

कापणं

फोटोच्या डाव्या कडेला 0 ते 560 मध्ये आता खालचा मूळ पडदा दिसतो. चुण्या पटीत असल्यामुळे तो जोडही जुळलेला असतो, म्हणून तो ठेवायचा मोह होतो. पण तो ठेवला तर रांगेच्या डावीकडे 1260 पिक्सेल मोकळे आणि उजवीकडे 700, म्हणजे रांग एका बाजूला ढकलल्यासारखी दिसते. डावीकडून 560 कापा. रुंदी 5440 उरते. 12 × 8 इंची प्रिंटचं 3:2 प्रमाण राखायचं तर उंची 3627 लागते, म्हणून वरून 373 पिक्सेल काढा, खालून नाही. `Crop Tool` मधलं `Delete Cropped Pixels` बंद ठेवा आणि लेयरसकट फाइल जपून ठेवा. प्रिंटवाल्याने दुसरं माप सांगितलं तर कापलेला पडदा परत लागतो.